चिरंजीव वैशूस,

काल फोन ठेवलास तेव्हा चहा तसाच निवला. आई म्हणाली, लिहून कळवा, बोलायला गेलात की आवाज चढतो. म्हणून लिहितोय. भांडायला नाही.

तुझं म्हणणं असं की ओबीसीला नऊ प्रयत्न असतात, तुझे शिल्लक आहेत, आणि वाढदिवस ऑगस्टच्या नऊला, म्हणजे २०२६ ची परीक्षा बसते. प्रयत्नांचं खरं आहे. पण प्रयत्न आणि वय या दोन वेगळ्या अटी आहेत, दोन्ही पाळाव्या लागतात. यूपीएससी वय मोजते त्या वर्षीच्या १ ऑगस्टला. खुल्या गटाला त्या दिवशी बत्तीस पूर्ण झालेली नसावीत. ओबीसीला तीन वर्षं सूट, म्हणजे पस्तीस पूर्ण नसावीत. जन्म २ ऑगस्ट १९९१ किंवा त्यानंतरचा हवा. १ ऑगस्टला जन्मलेला त्याच दिवशी पस्तीस पूर्ण करतो, तोही बाहेर.

नऊ ऑगस्ट १९९१ धरली तर तू आत. पण ती तारीख आपल्या घरातली. दहावीच्या प्रमाणपत्रावर १ जून १९९१ आहे. आजोबा तुला शाळेत घेऊन गेले, गुरुजींनी वय विचारलं, आजोबांनी बोटं मोजली आणि गुरुजींनी जून टाकला. तुझ्या वर्गात एक जूनवाले किती होते आठव! तू पहिल्याच दिवशी पाटी फोडून आलीस आणि रडली मात्र नाहीस. असो. आयोग दहावीचीच तारीख धरतो, पत्रिका किंवा दवाखान्याचा कागद चालत नाही. त्या तारखेनं तू १ जूनलाच पस्तीस पूर्ण करतेस. एकदा नोंदवलेली तारीख पुढे बदलूही देत नाहीत.

फॉर्ममध्ये नऊ ऑगस्ट टाकायचा विचार असेल तर मनातून काढ. मूळ कागदपत्रं मुलाखतीच्या टप्प्यावर तपासतात. पूर्व, मुख्य पार करून तिथे अडकलीस तर मला बघवणार नाही. शिकवायला बसलो पुन्हा, राग मानू नकोस. तू इतकी मजल मारलीस ते मी चौकात सांगत असतो, तुझ्यासमोर जमत नाही.

राज्यसेवेचं मात्र दार उघडं आहे. तिथे खुल्या गटाला अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस वर्षं. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते प्रत्येक जाहिरातीत दिलेलं असतं, आधी ते वाच. आणि नॉन क्रीमी लेअरचा दाखला वेळेत काढ, तो नसेल तर ओबीसीची सूट धरता येत नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा, राज्याचा वेगळा. तुझ्याकडे केंद्राचाच आहे, माझ्या माहितीप्रमाणे. मी सोमवारी सेतूत जाऊन येतो. माझे उत्पन्नाचे कागद काढून ठेवलेत.

तरी जून का ऑगस्ट, प्रमाणपत्र काढून एकदा बघ आणि फोटो पाठव. मी पन्नासदा पाहिलंय, तरी तू बघ.

तुझे,
अण्णा