अडीच महिने घर बंद ठेवताना

आर्वी,
१० एप्रिल

प्रिय बाळू,

तुझं पत्र मिळालं. लेकीच्या बाळंतपणासाठी तुम्ही दोघं पुण्याला चाललात, वाचून फार आनंद झाला. एप्रिलअखेर निघून जुलैच्या मध्यात येणार म्हणजे घर अडीच महिने बंद राहील. त्यात मेचं ऊनही आलं आणि मिरगाचा पाऊसही. घर बंद करताना काय काय बघायचं म्हणून तू विचारलंस. इतकी वर्षं वायरमनकी करताना लोकांची बंद घरं उघडून पाहिली आहेत, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

सगळ्यात आधी कूलरची खिडकी बघ. आपल्याकडे कूलर बसवण्यासाठी खिडकीचे गज कापतात आणि मग ते भगदाड कायमचं राहतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या आळीतलं एक कुटुंब लग्नाला गेलं. पुढच्या दाराला चांगलं जाडजूड कुलूप होतं. चोराने त्याला हातसुद्धा लावला नाही. रिकामा कूलर स्टँडवरून बाजूला सरकवला, खिडकीतून आत शिरला, मागचं दार आतून उघडलं आणि सामान सांदवाडीतून नेलं. पुढचं कुलूप जसंच्या तसं, त्यामुळे घरचे परत येईपर्यंत शेजाऱ्यांना पत्ताच नव्हता. म्हणून कूलर आत घे आणि त्या जागी लोखंडी पट्ट्यांची जाळी बसव. तिचे नट आतल्या बाजूला आले पाहिजेत. कूलरची टाकी नुसती उपडी करून भागत नाही. डेंग्यूच्या डासांची अंडी कडांना चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. ब्रशने कडा घासून काढ, मगच टाकी वाळव.

मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावूच नको. आतून कडी घाल, अडसर लाव आणि तुम्ही पुढून बाहेर पडा. पुढच्या दाराला कुलूप महाग आहे की स्वस्त, यापेक्षा कोयंडा कसा बसवलाय ते बघ. गावात कुलूप फारसं कोणी फोडत नाही, पहारीने कोयंडा उचकटतात. तुझ्या दाराचा कोयंडा जुन्या स्क्रूवर आहे, मी पाहिलाय. सागाचं दार असलं तरी जुन्या भोकात स्क्रू सैल होतात. त्या जागी फळीतून आरपार जाणारे बोल्ट टाक, आत वायसर आणि नट. अर्ध्या तासाचं काम आहे. कुलूप पावसात भिजून गंजेल, त्यात मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोड आणि वर रबराचा तुकडा लोंबता ठेव.

किल्ली तुळशीवृंदावनात किंवा कोनाड्यात ठेवायची सवय या वेळी सोड, त्या जागा सगळ्यांनाच ठाऊक असतात. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे दे, दुसरी माझ्याकडे. किल्लीला नावाची चिठ्ठी बांधू नको. काकूंना आठवड्यातून दोनदा अंगण झाडून सडा टाकायला सांग. पाऊस सुरू झाल्यावर दारात गवत वाढलं की घर बंद असल्याचं रस्त्यावरूनच कळतं. पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेव आणि तुझा पुण्याचा नंबर त्यांना दे.

आता विजेचं. मेन स्विच बंद केला की सगळं बंद झालं असं लोक धरून चालतात, पण तुझ्याकडे इन्व्हर्टर आहे. मेन पाडला की त्याला वाटतं लाइट गेली, आणि तो बॅटरीवर घर चालवत राहतो. फ्रिज किंवा एखादा दिवा चालू राहिला तर बॅटरी तळाला जाते आणि तशीच पडून राहिली की कायमची निकामी होते. म्हणून आदल्या दिवशी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघ, रात्रभर पूर्ण चार्ज होऊ दे, सकाळी इन्व्हर्टरचं बटण बंद कर आणि मग मेन पाड. महिन्यातून एकदा मी येऊन दिवसभर चार्जिंगला लावत जाईन. टीव्हीचा प्लग काढच, पण छत्रीची केबलही सोडव. मे-जूनमधल्या विजांचा झटका त्या वाटेनेही येतो, मेन बंद असला तरी.

वावरातल्या मोटरच्या स्टार्टरला ऑटो लावलेला आहे ना? तो बंद करून जा. नाहीतर थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू होणार, आणि मेमध्ये विहिरीला पाणी नसलं तर कोरडी फिरून जळणार. विजेचं बिल आगाऊ भरता येतं, ते भरून टाक. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लाव.

फ्रिज निघायच्या आदल्या दिवशी सकाळी रिकामा कर. बर्फ वितळू दे, आतून कोरडा पूस, मागच्या बाजूला कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमधलं पाणी काढ. दारात जुना टॉवेल घडी करून अडकव म्हणजे फट राहील. दार गच्च लावून बंद ठेवलेल्या फ्रिजच्या रबरात काळी बुरशी धरते, तो वास मग महिनाभर जात नाही. कांदे-बटाटे वाटून टाका. सडलेल्या एका बटाट्याने अख्खं घर घाण मारतं.

गव्हाचं मात्र वहिनींना नीट सांग. कडक उन्हात वाळवा, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. पण गरम गहू कोठीत भरू नका. रात्रभर सावलीत पसरून गार होऊ द्या, नाहीतर आत वाफ धरते आणि पावसाळ्यात सोंडे पडतात. आणि बाळू, गव्हात टाकायच्या त्या विषारी गोळ्या घरात अजिबात आणू नको. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. बंद खोलीत तो साचतो, शेजारच्या खोलीतही जातो, आणि त्याने माणसं मेली आहेत. तुझ्या घराचं दार मध्येच काकू उघडणार आहेत, हे लक्षात ठेव. कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला तरी पुरे.

दागिने घरात ठेवू नको, गव्हाच्या कोठीतही नाही, चोर आधी तिथेच हात घालतात. वहिनींच्या अंगावर रोजचं असेल तेवढंच राहू दे, बाकी बँकेच्या लॉकरमध्ये. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाने चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. म्हणजे भाडं दोन हजार असेल तर जास्तीत जास्त दोन लाख. दागिने त्याहून जास्तीचे असतील तर वेगळा विमा काढावा लागेल. ठेवण्याआधी प्रत्येक दागिन्याचा फोटो काढ, वजनाच्या पावत्या सोबत पुण्याला ने. जमिनीची खरेदीखतं पेटीत घाल आणि पेटी विटांवर ठेव, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे उधई लागली तर दिसेल तरी.

शनिवारी बाजाराला येशील तेव्हा दाराच्या फळीची जाडी मोजून आण. बोल्ट मी काढून ठेवतो, रविवारी येऊन बसवून देईन. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
मधू