बुधवारची गोळी

तीर्थस्वरूप बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर आई रडायला लागते आणि बाबा "बरंय, बरंय" म्हणत फोन ठेवतात, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत आले तेव्हा बाबांचं ताट आणि तांब्या वेगळ्या फळीवर दिसला. आई, तुझ्या मनात काय आहे ते कळतं. पण मी रोज कातडीच्या ओपीडीत हेच बघते, सोरायसिसच्या चट्ट्यांना हात लावते, खपल्या झटकते. त्या खपल्यांत पसरणारा जंतूच नसतो, मग लागण कशाची होणार? आपली कातडी साधारण महिनाभरात नवी होते. सोरायसिसमध्ये अंगातली संरक्षणाची फौज चुकून स्वतःच्याच कातडीवर उठते, आणि तेच काम चार-सहा दिवसांत उरकलं जातं. जुनी कातडी गळायच्या आत नवी वर येते, म्हणून ते पांढरे चंदेरी थर साचतात. शेजारच्या काकूंनी कुजबुजत विचारलं होतं तो महारोगही नव्हे. त्यात चट्ट्याला सहसा स्पर्श कळत नाही, बाबांना तर तिथं खाज सुटते. सोरायसिसची ओढ रक्ताच्या नात्यातून येते. म्हणजे धोका असला तर थोडाफार मला आहे. तुला तर मुळीच नाही, आणि ताट वेगळं करणारी तूच!

आता त्या इंजेक्शनचं. चुलत भावाच्या लग्नाआधी बाबांनी गावात एक सुई टोचून घेतली आणि आठ दिवसांत कोपरं साफ झाली. सगळ्यांना वाटलं, काय गुण आला! बहुधा ते स्टिरॉइड होतं. त्याचा असर उतरला की सोरायसिस दुप्पट जोरानं उसळू शकतो. बाबांच्या कोपर-गुडघ्यांवर होता तो लग्नानंतर दीड महिन्यात पाठीवर, डोक्यात पसरला, तो याच कारणानं असावा. पुन्हा कुणी "एक सुई मारू" म्हटलं तर नको म्हणा. आणि कधी सगळं अंग लाल होऊन थंडी वाजली, किंवा बारीक पुवाचे फोड आले, तर गावात वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात जा.

बाबा, नडगीवरचा तो लांबट चट्टा आठवतो? सोयाबीन काढताना तिथं काडीनं ओरखडा पडला होता. या आजारात जिथं कातडी दुखावते, तिथं दहा-पंधरा दिवसांनी नवा चट्टा उठू शकतो. म्हणून शेतात लांब पायजमा घाला आणि खपल्या नखानं ओढू नका. बिडीनंही तो वाढतो, हे तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहिते. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत आणि घसा सुजून दुखल्यावर तो जोर धरतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढतो. पण तुमची गोळी स्वतःहून बंद करू नका, पाकीट डॉक्टरांना दाखवा.

आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. खपल्या मऊ करणारं सॅलिसिलिक ॲसिडचं मलम आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम सांगितलेल्या जागीच, सांगितलेले दिवसच. चेहऱ्यावर, जांघेत नाही. (हो, मलमातही स्टिरॉइड असतं. ते मोजून वापरायचं असतं, इंजेक्शनसारखं सगळ्या अंगात सोडायचं नसतं.) आता आजार पसरलाय, तर यूव्ही किरणांचा उपचारही चालतो, पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहरात यावं लागतं. गावाहून एसटीनं ते जमणारं नाही. म्हणून डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिली.

हे दोघांनी नीट वाचा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. बाबा रक्तदाबाची गोळी रोज घेतात, त्याच हातानं हीही रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, अशी चूक करून आलेले पेशंट मी पाहिलेत. आपण बुधवार ठरवू. आई, गोळी तुझ्याकडे ठेव, बाकीच्या पाकिटांपासून दूर. डॉक्टरांनी लिहिलेली फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या वारी. दारू बंद, कारण ही गोळी यकृतावर भार टाकते. म्हणूनच रक्त तपासत राहावं लागतं, ते चुकवू नका. तोंडात फोड आले, ताप आला, धाप लागली किंवा कुठून रक्त येऊ लागलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि लगेच फोन करा. दुखण्याची किंवा तापाची कुठलीही नवी गोळी मला विचारून घ्या.

गुण यायला दोन महिने तरी लागतील. पुन्हा वर्षभरानं चट्टे दिसले तर औषध फसलं असं समजू नका. हा आजार मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहिली किंवा एखादं बोट सुजून सबंध जाड झालं, तर मात्र सांगा. हा आजार सांध्यांतही उतरतो, आणि तिथं उशीर परवडत नाही.

पुढच्या आठवड्यात पिंटूला घेऊन येते. त्याला आजोबांच्या मांडीवर बसायचंय, आणि जेवायचंही त्यांच्याच ताटात.

तुमची,
सुमा