दोन पर्यायांवर अडलास तर

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. मॉक टेस्टमध्ये इंग्रजीच्या २५ पैकी ९ प्रश्न तू कोरे सोडलेस आणि वर लिहिलंस, "निगेटिव्ह मार्किंग आहे रे, उगाच कशाला जुगार खेळायचा?" ते वाचून राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. ते नऊ प्रश्न कोरे सोडणं हेच तुझं खरं नुकसान आहे, आणि ते मला तुला नीट पटवून द्यायचं आहे.

आधी हिशेब बघ. एसएससी सीजीएलच्या टियर १ मध्ये बरोबर उत्तराला २ गुण आणि चुकलं तर अर्धा गुण कापतात. असे १२ प्रश्न घे, जिथे चारपैकी दोन पर्याय तू नक्की खोडलेस आणि उरलेल्या दोनांत अडकलास. डोळे मिटून एक निवडलास तरी साधारण सहा बरोबर येतील. त्याचे १२ गुण मिळतील, सहा चुकांचे ३ जातील, आणि हातात ९ राहतील. कोरे सोडलेस तर शून्य. टियर २ मध्ये बरोबरला ३ आणि चुकीला १ गुण जातो. तिथे काहीच न खोडता ठोकलंस तर सरासरी जमा-खर्च सारखाच होतो, पण दोन पर्याय खोडून निवडलंस तर तिथेही फायदा आहे. म्हणजे सगळं त्या खोडण्यावर आहे. खोडणं कच्चं असेल तर हा हिशेब कोसळतो.

व्याकरणाच्या प्रश्नात वाक्याआधी चारही पर्याय एकमेकांशेजारी ठेवून बघ. ते नेमके कुठे बदलतात? 'हॅज बीन लिव्हिंग', 'इज लिव्हिंग', 'लिव्ह्ज', 'वॉज लिव्हिंग' असे चार असतील, तर प्रश्न काळाचा आहे. मग वाक्यात वेळ सांगणारा शब्द शोधायचा, बाकी वाक्य कितीही अवघड असू दे. 'इज', 'आर', 'वॉज', 'वेअर' असतील तर खरा कर्ता शोध. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज' याच्यापुढे कानाला 'वेअर' बरं वाटतं, कारण शेजारी आंबे बसलेत. पण आपण मराठीत 'आंब्यांचा दर्जा चांगला होते' म्हणतो का? क्रियापद दर्जाचं आहे. इथे मराठी कान तुला वाचवतो.

पण हाच कान दुसरीकडे घात करतो. आपण 'दोन वर्षांपासून' म्हणतो, म्हणून हात 'सिन्स टू इयर्स'कडे जातो. आपण 'विषयावर चर्चा' करतो, म्हणून 'डिस्कस' पुढे 'ऑन' किंवा 'अबाउट' लावावंसं वाटतं. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' बरोबर वाटतं. प्रश्न काढणाऱ्याला आपल्याकडची मुलं कुठे घसरतात ते चांगलं माहीत असतं, त्यामुळे हे पर्याय मुद्दाम ठेवलेले असतात. म्हणून शब्दयोगी अव्ययाच्या प्रश्नात एखादा पर्याय 'ऐकायला बरा' वाटला, की तो मराठीचा शब्दशः अनुवाद तर नाही ना, हे आधी तपास. असेल तर त्याला संशयित मान.

आता क्लोझ पॅसेज. तू लिहिलंस की पहिल्या रिकाम्या जागेवर अडलं की पुढे जाता येत नाही. अरे, क्रमाने भरायचंच नसतं. मी एक छोटा उतारा तयार केलाय, तो माझ्याबरोबर सोडव:

'इन समर द व्हिलेज वेल रन्स ड्राय अँड विमेन (१) टू वॉक टू किलोमीटर्स फॉर वॉटर. लास्ट इयर अ टँक वॉज बिल्ट. (२), द पाइप्स वेअर नेव्हर लेड, सो द टँक हॅज स्टुड एम्प्टी (३) देन. द व्हिलेजर्स (४) द मॅटर टू द कलेक्टर.'

आधी एकदा सगळा उतारा वाच, जागा रिकाम्या ठेवूनच. गोष्ट कळली: टाकी झाली, पण पाइप आलेच नाहीत. तो 'पण' म्हणजे दुसरी जागा. 'देअरफोर', 'मोअरओव्हर', 'सिमिलर्ली', 'हाउएव्हर' यांतले पहिले तीन तिथेच गळतात. पहिल्या जागेला 'हॅज', 'हॅव', 'हॅड', 'हॅविंग' आहेत. 'विमेन' अनेकवचनी, म्हणून 'हॅज' गेला. वाक्याला पूर्ण क्रियापद हवं, म्हणून 'हॅविंग' गेला. आणि विहीर 'रन्स ड्राय' आहे, म्हणजे नेहमी आटते, म्हणून 'हॅड'ही गेला. तिसऱ्या जागेवर 'फ्रॉम', 'फॉर', 'सिन्स', 'बाय'. 'तेव्हापासून' म्हणून मन 'फ्रॉम' म्हणेल. पण आधी 'हॅज स्टुड' आहे आणि 'देन' हा काळातला एक ठरावीक क्षण आहे, म्हणून 'सिन्स'.

चौथी जागा मला सगळ्यात आवडते. पर्याय 'कम्प्लेन्ड', 'इन्फॉर्म्ड', 'रिपोर्टेड', 'डिस्कस्ड'. अर्थाने चारही चालतील असं वाटतं, गावकऱ्यांनी कलेक्टरना सांगितलं एवढंच तर आहे. अर्थावर बसलास तर इथे अंदाजच उरतो. त्याऐवजी रिकाम्या जागेच्या उजवीकडे बघ: 'द मॅटर टू'. 'कम्प्लेन'ला गोष्टीआधी 'अबाउट' लागतो. 'इन्फॉर्म'नंतर आधी माणूस येतो. 'डिस्कस'ला माणसाआधी 'विथ' हवा. गोष्ट आधी आणि माणूस 'टू'ने जोडलेला, हे एकट्या 'रिपोर्टेड'ला जमतं. क्लोझमध्ये अर्थ सारखे वाटायला लागले की उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या लहान शब्दात असतं.

'नो एरर' किंवा 'नो इम्प्रूव्हमेंट'बद्दल थोडंसं. काही जण तो पर्याय कधीच निवडत नाहीत, काही जण काही सुचलं नाही की तोच ठोकतात. दोन्ही चूक. कर्ता-क्रियापद, काळ आणि अव्यय एवढं तपासून बघ. 'इथे हा दोष आहे' असं नाव घेऊन सांगता आलं नाही, तर तो पर्याय बेधडक निवड. 'सी जास्त वेळा येतो' किंवा 'लांब पर्याय बरोबर असतो' असल्या गोष्टींवर मात्र एक गुणही लावू नकोस.

आता मुख्य काम. मी तयारी करताना मॉकमध्ये ज्या प्रश्नांत दोन पर्याय उरायचे, त्यांच्यापुढे वहीत टिंब काढायचो. ४० टिंबं झाल्यावर मोजलं, तर १४ च बरोबर. नुसत्या नाण्यावर सोडलं असतं तरी २० च्या आसपास आले असते. म्हणजे बरोबर उत्तर मीच आधी खोडत होतो किंवा शेवटी फसव्या पर्यायाकडे ओढला जात होतो. ते २६ चुकलेले प्रश्न पुन्हा काढून बसलो, तर निम्म्याहून जास्त अव्ययांचे होते आणि बहुतेक ठिकाणी मी मराठी कानाचं ऐकलं होतं. तेव्हापासून पर्याय खोडताना मनात कारण म्हणायची सवय लावली. 'हे बरोबर वाटत नाही' हे कारण नव्हे. 'विमेन अनेकवचनी आहे' हे कारण. कारण नसेल तर तो पर्याय खोडलाच नाही असं धरायचं.

येत्या रविवारच्या मॉकमध्ये एकही क्लोझ कोरा सोडू नकोस. टिंबं काढ आणि प्रत्येक टिंबापुढे कोणते दोन पर्याय उरले होते तेही लिही. तो कागद मला पाठव. बरोबर किती आले ते मी नंतर बघेन, आधी तू काय काय खोडलंस ते बघायचं आहे. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनय