‘ब्लॅक अँड व्हाइट’ बटणाने काळे-पांढरे स्कॅन होत नाही, याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: स्कॅनरच्या पॅनेलवरील रंगाच्या पर्यायांची चुकीची नावे, आणि फाइल लहान करण्यासाठी आपल्या मदत केंद्राने दिलेला चुकीचा सल्ला

महोदय,

आपल्या कंपनीचा स्कॅनर मी सात महिन्यांपूर्वी घेतला. यंत्र म्हणून तो उत्तम चालतो, कागद अडकत नाही, आवाजही कमी आहे. माझी तक्रार पॅनेलवर लिहिलेल्या शब्दांबद्दल आहे. त्या शब्दांवर विश्वास ठेवल्यामुळे मला ४६ पानांचा एक जुना करारनामा तीनदा नव्याने स्कॅन करावा लागला. कागद तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा, टंकलिखित, पिवळा पडलेला आणि कडांना ठिसूळ झालेला आहे. असा कागद काचेवर पुन्हा पुन्हा ठेवला की त्याचे कोपरे तुटतात, आणि तसे दोन पानांचे तुटलेही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

हा करारनामा मला एका ऑनलाइन अर्जासोबत जोडायचा होता. फाइलची मर्यादा ५ एमबी होती. पहिल्या वेळी मी पॅनेलवरचा ‘डॉक्युमेंट – बेस्ट’ हा पर्याय निवडला, कारण नावावरून तोच योग्य वाटला. फाइल झाली ९२ एमबीची. ‘बेस्ट’ म्हणजे ६०० डीपीआय आणि पूर्ण रंगीत, हे पॅनेलवर कुठेच लिहिलेले नाही, ते मला नंतर कळले. रंगाचा पर्याय ‘ऑटो’ होता, आणि पिवळट कागदाला ‘ऑटो’ने रंगीत पान ठरवले. पानावर काळ्या अक्षरांखेरीज काही नसतानाही ४६ पैकी ४६ पाने रंगीत झाली.

मग मी आपल्या मदत केंद्राला फोन केला. तिथल्या व्यक्तीने दोन उपाय सांगितले. पहिला, ‘फाइल साइझ’ची पट्टी ‘स्मॉल’कडे ओढा. दुसरा, तेवढ्याने भागले नाही तर डीपीआय १०० करा. बोलणे सौजन्याचे होते, पण दोन्ही उपाय चुकीचे होते.

पट्टी ‘स्मॉल’कडे ओढून मी पुन्हा स्कॅन केले. फाइल १६ एमबीची झाली, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट, आणि अक्षरेही बिघडली. स्क्रीनवर ४०० टक्के मोठे करून पाहिले तेव्हा प्रत्येक अक्षराभोवती राखाडी-पिवळ्या ठिपक्यांचे धुके दिसत होते. याचे कारण असे की ही पट्टी डीपीआयला किंवा रंगाला हातच लावत नाही, ती फक्त जेपेगचा दर्जा कमी करते. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक फरक कमी-जास्त टाकून देते. छायाचित्रात आकाश किंवा चेहरा हळूहळू बदलत जातो, त्यामुळे तिथे हे खपून जाते. टंकलिखित अक्षराची कड मात्र एकदम काळ्यातून पांढऱ्यात जाते, आणि नेमकी तीच कड जेपेगला सांभाळता येत नाही. शिवाय जुन्या कागदाचा पोत, डाग, मागच्या बाजूची पुसट छाया हे सगळे टिपण्यात फाइलची जागा खर्च होते ते वेगळेच.

दुसरा उपाय तर मूळ हिशेबच चुकवणारा आहे. तो आपल्या मदत केंद्रातल्या प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने घेतले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत असेल तर प्रत्येक बिंदूला ३ बाइट लागतात, म्हणजे आकुंचनाआधीचे एक पान सुमारे २६ एमबीचे. ग्रेस्केलमध्ये बिंदूला १ बाइट लागतो, तेव्हा ८.७ एमबी. आणि खऱ्या काळ्या-पांढऱ्यात बिंदूला फक्त १ बिट, तेव्हा साधारण १.१ एमबी. रंगीतवरून काळ्या-पांढऱ्यावर आले की भार २४ पटींनी कमी होतो आणि एकही बिंदू गमवावा लागत नाही. उलट रंगीतच ठेवून डीपीआय ३०० वरून १०० वर आणला तर भार फक्त ९ पटींनी उतरतो आणि तीक्ष्णपणा सगळा जातो. टंकलिखित मजकुरातला अनुस्वार सुमारे ०.४ मिलिमीटरचा असतो. ३०० डीपीआयला तो जवळपास पाच बिंदू रुंद येतो, १०० डीपीआयला दीडच बिंदू उरतो. दीड बिंदूचा अनुस्वार आणि कागदावरचा धुळीचा कण यांत फरक कसा करायचा?

तेव्हा आधी रंग कमी करायचा, डीपीआयला नंतर हात लावायचा, हे मला समजले. म्हणून तिसऱ्या वेळी पॅनेलवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ आणि ३०० डीपीआय निवडले. फाइल आली १८ एमबीची, एका पानाला जवळपास ४०० केबी. टंकलिखित काळ्या-पांढऱ्या पानाला इतकी जागा लागूच शकत नाही, म्हणून मी फाइलच्या आत काय आहे ते तपासले:

```
pdfimages -list karar.pdf
```

प्रत्येक पानासमोर `color` या रकान्यात `gray`, `bpc` मध्ये `8` आणि `enc` मध्ये `jpeg` होते. म्हणजे आपले ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हे बटण २५६ छटांचे ग्रेस्केल घेते आणि ते जेपेगमध्ये भरते. काळे-पांढरे असते तर `bpc` मध्ये `1` आणि `enc` मध्ये `ccitt` किंवा `jbig2` दिसले असते. ज्या शब्दाचा अर्थ दोनच रंग असा आहे, तो शब्द आपण तिसऱ्याच गोष्टीवर चिकटवला आहे. माझी मुख्य तक्रार हीच आहे. ‘बेस्ट’चा अर्थ कोणी काहीही लावेल, पण इथे ग्राहक नीट विचार करून योग्य पर्याय निवडतो आणि त्याच्या हाती भलतेच पडते.

खरा काळा-पांढरा पर्याय आपल्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘अॅडव्हान्स्ड’च्या आत, तिसऱ्या पडद्यावर, ‘लाइन आर्ट’ या नावाने. पॅनेलवर तो नाही. शेवटी त्यानेच काम झाले. त्यातले आकुंचन प्रत्येक ओळीत काळे कुठे सुरू होते आणि कुठे संपते एवढेच, वरच्या ओळीशी तुलना करून, नोंदवते आणि काहीही टाकून देत नाही. म्हणून पान लहान होते आणि अक्षराची कड जशीच्या तशी राहते. माझी टंकलिखित पाने सरासरी ४५ केबीवर आली.

पण तिथेही एक खड्डा होता, आणि तो आपण झाकून ठेवला आहे. काळ्या-पांढऱ्यात प्रत्येक बिंदू एका सीमारेषेवर ठरतो, तिच्याहून गडद तो काळा आणि फिकट तो पांढरा. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सीमा ० ते २५५ च्या मधोमध, १२८ वर ठेवलेली आहे. माझी काही पाने कार्बन प्रती होत्या. त्यांतली अक्षरे आधीच फिकी, त्यामुळे त्यांचे बारीक भाग थेट पांढरे झाले. एका पानावर ‘नकाशा मंजूर’ होते ते ‘नकाशा मजूर’ झाले, आणि त्याखालची १२.५ मीटर ही लांबी १२५ मीटर झाली, कारण दशांशाचा ठिपकाच गेला. पान दिसायला स्वच्छ, खणखणीत होते, आणि म्हणूनच चूक चटकन लक्षात आली नाही. मूळ कागद शेजारी धरून आकडे ताडून पाहिले तेव्हा सापडली. सीमा १६५ वर नेल्यावर अनुस्वारही आला आणि ठिपकाही. पिवळा कागद त्याहून बराच फिकट असल्यामुळे पार्श्वभूमी पांढरीच राहिली. १९० वर नेऊन पाहिले तर कागदाचे डाग काळे होऊ लागले आणि फाइलही फुगली, कारण प्रत्येक डाग हा नोंदवायचा एक नवा बदल असतो. हे सगळे मी एका पानावर करून पाहिले आणि मगच बाकीची पाने घेतली. आपले सॉफ्टवेअर ही सीमा प्रीव्ह्यूमध्ये दाखवत नाही, त्यामुळे दर वेळी पूर्ण स्कॅन करून बघावे लागले.

सहा पाने मात्र काळ्या-पांढऱ्यात घेऊन चालणार नव्हते. त्यांच्यावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का आहे आणि त्यावरूनच निळ्या शाईची सही गेली आहे. एका बिटात दोन्ही मिळून एकच काळा डाग होतो. ती पाने मी २०० डीपीआय रंगीत घेतली. रंगीतमध्ये आणि ग्रेस्केलमध्ये अक्षराच्या कडेला मधल्या छटा मिळतात, म्हणून २०० डीपीआयलाही मजकूर गुळगुळीत वाचता येतो. काळ्या-पांढऱ्यात त्या छटा नसतात, त्यामुळे तिथे २०० ला कड दातेरी होते आणि ३०० लागतातच, तळटीपेसारखा बारीक मजकूर असेल तर ४००. ही सहा पाने प्रत्येकी ३५० केबीच्या आसपास झाली. चाळीस पानांचे १.८ एमबी, सहा पानांचे २.१, मिळून ३.९ एमबी. पहिल्या प्रयत्नातल्या ९२ एमबीच्या जागी हे झाले, आणि अक्षरे दोन्हीकडे सारखीच वाचता येतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच फाइलमध्ये पानागणिक रंगाचा पर्याय बदलता येत नाही, म्हणून दोन फाइली करून त्या बाहेर क्रमाने जोडाव्या लागल्या.

स्कॅन झाल्यावर फाइल दुरुस्त करता येईल, असे मदत केंद्राने मला सुचवले होते. एकदा जेपेगने कड खाल्ली की ती परत येत नाही. त्याच फाइलला नंतर काळे-पांढरे केले तर अक्षराभोवतीचे धुके काळ्या कणांमध्ये बदलते, हेही मी करून पाहिले. कागद काचेवर ठेवण्यापूर्वी जे निवडले तेच हाती राहते, म्हणून निवडीच्या वेळी ग्राहकाला खरे दिसले पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत. पॅनेलवरच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’चे नाव ‘ग्रेस्केल’ करावे आणि खरा एक-बिट पर्याय पॅनेलवर आणावा. ‘बेस्ट’, ‘गुड’ या शब्दांशेजारी डीपीआय, रंगाचा पर्याय आणि ए-४ पानाचा अंदाजे आकार लिहावा. ‘ऑटो’ने पान रंगीत ठरवले की तसे पडद्यावर दाखवावे आणि ते बदलू द्यावे. काळ्या-पांढऱ्याची सीमा प्रीव्ह्यूमध्ये हलवता यावी. पानागणिक पर्याय बदलण्याची सोय व्हावी, तिला वेळ लागला तरी चालेल. आणि ‘डीपीआय १०० करा’ हा सल्ला आपल्या मदत केंद्राच्या लिखित उत्तरांतून आजच काढून टाकावा, कारण तो ऐकून कोणीतरी या क्षणी आपला एखादा महत्त्वाचा कागद बिघडवत असेल.

तिन्ही प्रयत्नांच्या फाइलींमधले एकेक पान, वरच्या तपासणीचे निकाल आणि सीमा १२८ व १६५ वर घेतलेले तेच पान सोबत जोडले आहे. मदत केंद्राचा तक्रार क्रमांक ईमेलच्या विषयात आहे. पॅनेलच्या नावांबद्दल काय करणार आहात, हे मला १५ दिवसांत लेखी कळवावे.

आपली,
एक ग्राहक