डोळ्यांवर पट्टी न बांधता : ताईंना आभाराचं पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार फोनवर मानले होते, पण ते आपल्या दोघींतच राहिले. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळांत ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की माझ्यासारख्या शिक्षिकांची धावपळ सुरू होते. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते त्यांनाही मिळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमच्याकडे हा दिवस साधारण ठरलेला असतो. प्रार्थनेनंतर भाषण, दिव्यांग मुलांना गुलाबाचं फूल, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, आणि मुलांना ‘अनुभव’ यावा म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून व्हरांड्यातून चालवणं. कार्यक्रमाचा कागद तुम्हाला फोनवर वाचून दाखवला, तेव्हा तुम्ही पट्टीपाशी मला थांबवलंत. म्हणालात, “बाई, पट्टी बांधल्यावर मुलाला अंधपण कळत नाही. अचानक अंधार झाल्यावरची पहिली पाच मिनिटं कळतात. मी अंध आहे आणि बेळगावात रोज एकटी बँकेत जाते, ते वर्षानुवर्षांच्या सरावावर. तो सराव पट्टीत कुठे आहे?” आणि मग एरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१५चा अभ्यास सांगितलात. पट्टी बांधून वावरलेल्या लोकांचा, अंध माणूस नोकरी करू शकेल, स्वतंत्र राहू शकेल, यावरचा विश्वास कमी झाला. म्हणजे आम्ही मुलांना चांगल्या मनाने नेमकं उलटं शिकवणार होतो. पट्टी कागदावरून गेली.

दुसरी अट तुम्ही घातलीत ती मला सर्वांत मोलाची वाटते. आमच्या सहावीत कमी दृष्टीचा एक मुलगा आहे. कार्यक्रम ठरवण्याआधी त्याच्याशी आणि त्याच्या आईशी वेगळं, निवांत बोला, आणि तो नको म्हणाला तर त्याचं नावसुद्धा त्या दिवशी घेऊ नका, असं तुम्ही बजावलंत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही बोललो. स्टेजवर यायचं नाही, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग हळूहळू तीन गोष्टी निघाल्या. फळ्यावर शिक्षक गप्प राहून लिहितात. दुपारच्या उन्हात व्हरांड्याच्या पायऱ्यांची कड दिसत नाही, सगळा सिमेंटचा एकच पांढुरका उतार वाटतो. आणि पोरं मागून येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि “ओळख बघू, मी कोण?” म्हणून थांबतात. त्याला सगळ्यांत जास्त त्रास याचा होत होता. त्याच्या वर्गात इतकी वर्षं शिकवणाऱ्या आम्हा कुणालाच हे त्याने सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

“झाला तुमचा कार्यक्रम तयार,” तुम्ही म्हणालात. “या तीन गोष्टी बदला. चौथी शोधू नका.”

पायऱ्यांचं काम सातवीच्या मुलांनी घेतलं. सगळ्यांच्या डोक्यात पिवळा पट्टा होता, कारण सगळीकडे तोच दिसतो. तुम्ही सांगितलंत, आधी करून बघा. मुलांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या रंगांत रंगवून पायऱ्यांवर ठेवल्या. सकाळी एकदा आणि दुपारी ऊन वर असताना एकदा, ठरावीक अंतरावरून बघितल्या. सकाळी पिवळा छान दिसला, दुपारी उन्हाने पांढुरक्या झालेल्या सिमेंटवर तो जवळजवळ विरघळला. गडद निळा आणि काळा टिकले. या तपासणीत तो सहावीचा मुलगाही होता, पण सातवीच्या मुलांनी त्याला मदत करायची म्हणून नव्हे. कोणती पट्टी चालते हे ठरवणारा तोच होता. पट्टा पायरीच्या अगदी कडेला, साधारण पाच सेंटिमीटर रुंद आणि प्रत्येक पायरीवर हवा. फक्त पहिल्या-शेवटच्या पायरीवर दिला तर मधली चुकते, हेही त्यानेच दाखवलं. रंगाचा खर्च शाळेच्या विकास समितीने, म्हणजे एस.डी.एम.सी.ने दिला.

३ डिसेंबरला तुम्ही आलात तेव्हा भाषण नव्हतं. शाल-श्रीफळाऐवजी एसटीचं भाडं आणि कुठल्याही तज्ज्ञ पाहुण्याला देतो तेवढं मानधन द्या, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतंत. बरं झालं सांगितलंत, आमच्याकडे तो विषय काढायला सगळेच संकोचतात. तुम्ही मुलांना जोड्या करून शिकवलंत: जवळ येताना आधी आपलं नाव सांगायचं, निघताना “मी निघालो” म्हणायचं, नाहीतर समोरचा माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो. अंध माणसांना वाट दाखवायची तर हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, ते त्यांनी धरायचं आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. अरुंद दारापाशी तोच हात पाठीमागे न्यायचा, म्हणजे न सांगता कळतं की आता एकामागे एक.

ब्रेलचा तास मी कधी विसरणार नाही. आमच्या आवारातच कन्नड शाळा आहे, तिथली मुलंही आली होती. तुम्ही पाटीवर उजवीकडून डावीकडे ठिपके टोचलेत, कारण कागद उलटल्यावर ते डावीकडून वाचायचे असतात. मराठीतल्या ‘क’ला पहिला आणि तिसरा ठिपका, कन्नडमधल्या ‘ಕ’लाही पहिला आणि तिसराच. भारती ब्रेलमध्ये दोन्ही भाषांची बहुतेक अक्षरं एकाच ठिपक्यांची. दोन्ही शाळांची मुलं एकाच कागदावर बोटं फिरवत होती. पण तुम्ही लगेच हेही सांगितलंत की कमी दृष्टीच्या प्रत्येक मुलाला ब्रेल लागतंच असं नाही. आमचा मुलगा ठळक, मोठ्या अक्षरांत वाचतो. आता त्याची प्रश्नपत्रिका ए-४वरून ए-३वर मोठी करून काढतो, आणि त्याला तेवढं पुरतं.

हे टिकलं का, हे पाहण्याची युक्तीही तुमचीच. तुम्ही येण्याच्या आठवडाभर आधी आम्ही नाव न लिहिता चिठ्ठ्या घेतल्या होत्या: अंध बाई तुम्हाला गणित शिकवू शकतील का? बहुतेक चिठ्ठ्यांत दया होती. ‘आम्ही त्यांना रस्ता ओलांडून देऊ’ असंही होतं. फेब्रुवारीत तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा चिठ्ठ्यांत उलटे प्रश्न आले. त्या भूमितीची आकृती कशी तपासतील? फळ्यावर कोण लिहील? आम्ही मोठ्याने वाचून दाखवलं तर चालेल का? दयेच्या जागी कामाचा विचार आला होता.

सगळंच जमलं असं नाही. “ओळख बघू” बंद झालं, पण सुट्टीनंतर पुन्हा सुरू होईल म्हणून वर्गशिक्षिकेला जूनमध्ये तो तास परत घ्यावा लागेल. फळ्यावर लिहिताना बोलायची सवय आमच्यापैकी काहींना लागली, काहींना नाही. शिवाय बदल्या होतात. नव्या शिक्षकांना कळावं म्हणून ‘लिहिताना मोठ्याने वाचा, “हे” आणि “ते” म्हणू नका, आकडा बोला’ असं वर्गाच्या हजेरीपटाच्या आतल्या पानावर चिकटवलं आहे आणि एस.डी.एम.सी.च्या ठरावातही घातलं आहे.

पावसाळ्यानंतर पायऱ्यांचे पट्टे पुन्हा रंगवावे लागतील. मुलं नोव्हेंबरमध्ये तपासणी करणार आहेत. या वेळी पाण्याच्या टाकीजवळची पायरीही त्यांनी यादीत घेतली आहे. तुम्हाला जमेल ती तारीख कळवा, आम्ही त्याप्रमाणे ठरवू. ३ डिसेंबरच असायला हवी असं नाही.

मनापासून आभार, ताई.

आपली,
खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतील एक शिक्षिका