फोटोतल्या लेखावर संपादकांना पत्र

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात नवे साखर कारखाने नकोत म्हणणाऱ्या लेखाचा तू पाठवलेला फोटो आणि त्यावरचं तुझं कच्चं पत्र, दोन्ही सावकाश वाचलं. पत्र संपादकांकडे जायला हवंच. मराठवाड्यातल्या उसाबद्दल तू जे म्हणतोयस, ते निदान फोटोत दिसणाऱ्या मजकुरात तरी आलेलं नाही. पण आज पाठवू नकोस. आधी वाचनालयात जाऊन फोटो परत काढ.

फोटोत तीन कॉलम नीट आलेत, चौथ्याची उजवी कड कापली गेलीय आणि तळाशी बारीक अक्षरात ‘पान ८ वर’ असं दिसतंय. म्हणजे लेखाचा शेवट आपल्या हातात नाही. अशा लेखांत विरुद्ध बाजूचा मुद्दा बहुतेक वेळा शेवटीच मान्य केलेला असतो. ‘अर्थात’, ‘हे खरे असले तरी’, ‘शेतकऱ्याला दोष देता येणार नाही’ अशा शब्दांनी ते परिच्छेद सुरू होतात. तुझा आक्षेप त्यात आधीच आलेला असला, तर पत्र पाहणाऱ्या उपसंपादकाला वाटेल की याने लेख अर्धाच वाचलाय, आणि पत्र बाजूला पडेल.

अंक टेबलावर सपाट पसर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल पानाला समांतर धरून. एक फोटो अख्ख्या लेखाचा घे. मग वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागाचे वेगळे घे, मधल्या चार-पाच ओळी दोन्हींत येतील असे, म्हणजे काही सुटलं का ते जुळवता येतं. वरची तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांकही घे. आकडे मोठे करून पाहा. घडीवर आलेला ४ की ५, आणि पुसट छपाईतला १ की ९, यांत हमखास चूक होते. उसाखालच्या क्षेत्राची टक्केवारी नेमकी घडीवर आलीय. ती स्पष्ट दिसली नाही तर सारांशात आकडाच घालू नकोस. ‘थोड्या क्षेत्रावरचा ऊस’ म्हटलं तरी लेखकाचं म्हणणं पुरतं पोचतं.

आता सारांश. तू लिहिलंयस, ‘लेखकाला ऊसच बंद करायचा आहे.’ दुसऱ्या कॉलमची चौथी ओळ बघ: ‘नव्या कारखान्यांना परवाने देऊ नयेत.’ तिथला ‘नव्या’ हा शब्द गाळला की लेखकाच्या तोंडी भलतंच वाक्य जातं, आणि पुढचं तुझं सगळं उत्तर त्यांनी न केलेल्या मागणीला होतं. त्यांची साखळी अशी आहे: पाणी कमी, ऊस पाणी जास्त घेतो, कारखाना उभा राहिला की त्याला ऊस पुरवायला आसपासचं क्षेत्र वाढतं, म्हणून नवा कारखाना नको. यातली एक कडी जरी सुटली तरी मागणी एकांगी वाटते. सारांश झाला की एवढंच पाहा, की लेखकाने तो वाचला तर ‘हो, हेच म्हणालो’ असं म्हणेल का.

तुझ्या मसुद्यात चार आक्षेप आहेत. तीन काढून टाक. ठिबकने पाणी वाचतं हा मुद्दा खरा असला तरी त्याचं उत्तर लेखक सहज देईल, की वाचलेलं पाणी पुन्हा आणखी उसालाच जातं. खरा जोर आहे तो तिसऱ्या कडीवर. क्षेत्र केवळ कारखान्यामुळे वाढतं का? उसाला केंद्राने ठरवलेला एफआरपी, म्हणजे किमान दर आहे, कारखाना हे ठरलेलं गिऱ्हाईक आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोडणीची टोळी तोच पाठवतो. सोयाबीनचाही हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ऑक्टोबरात पाऊस लांबला की दाणा त्याहून ओला असतो, पोतं परत येतं, आणि दिवाळीच्या तोंडावर व्यापारी देईल तो दर घ्यावा लागतो. २०२४ मध्ये हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजार त्याच्या बराच खाली होता, आणि १५ टक्के ओलाव्यापर्यंतची सवलत आली ती नोव्हेंबरात.

एक जपून. ‘उसाचे पैसे वेळेवर मिळतात’ असं लिहू नकोस. नियमाने १४ दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह, पण थकबाकीच्या बातम्या दर हंगामात असतात. त्या एका वाक्यावर तुझं सगळं पत्र खोडता येईल. दर ठरलेला आहे आणि घेणारा ठरलेला आहे, एवढंच म्हण.

लेखकाचं जे बरोबर आहे, ते आधी मान्य कर, आणि नेमक्या गोष्टीने कर. ‘एसीत बसून लिहिणाऱ्यांना काय कळणार’ हे वाक्य काढ. माझ्या मते पत्र साधारण असं व्हावं:

“‘नवे कारखाने कशाला?’ हा लेख (१८ नोव्हेंबर) वाचला. मराठवाड्यात थोड्या क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा घेतो, कारखाना आला की आसपास ऊस वाढतो, म्हणून नव्या कारखान्यांना परवाने देऊ नयेत, अशी लेखकाची मांडणी आहे. पाण्याची चिंता रास्तच आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मात्र ऊस वाढण्याचे कारण केवळ कारखाना नसावा. उसाला दर आणि खरेदीदार दोन्ही ठरलेले असतात. सोयाबीनचा हमीभाव जाहीर होतो, पण १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल केंद्रावर नाकारला जातो आणि तो कमी दराने व्यापाऱ्याला द्यावा लागतो. परवाने रोखतानाच सोयाबीन व तुरीची खरेदी काढणीबरोबर सुरू व्हावी आणि केंद्रावर माल वाळवण्याची सोय असावी. तसे न झाल्यास शेतकरी लांबच्या कारखान्याला ऊस घालेल आणि पाणी तेवढेच लागेल.”

हे एकशेदहा शब्दांच्या आसपास आहे. दीडशेच्या वर जाऊ देऊ नकोस. लांब पत्र उपसंपादक जागेपुरतं कापतो, आणि कात्री बहुधा शेवटाला लागते. तुझी मागणी शेवटी आहे, म्हणून लांबी आपणच आवरलेली बरी. ‘रास्तच आहे’ आणि ‘कारण केवळ कारखाना नसावा’ हे शब्द मी मुद्दाम ठेवलेत. लेखकाची कडी खोटी नाही, अपुरी आहे, आणि तुला तेवढंच दाखवायचंय.

मजकूर ईमेलच्या अंगातच युनिकोडमध्ये टाइप कर. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवलास तर त्यांना सगळं नव्याने टाइप करावं लागतं, आणि मोबाइलने फोटोतून उचललेला मजकूर तपासल्याशिवाय चिकटवू नकोस, जोडाक्षरं तुटतात. विषयात लेखाचं नाव आणि तारीख घाल. खाली पूर्ण नाव, गाव, फोन नंबर. हेच पत्र दुसऱ्या वर्तमानपत्राला पाठवू नकोस. लेख छापून दोन-तीन दिवस झाले की त्यावरची पत्रं घेणं थांबतं, म्हणून उद्या दुपारपर्यंत पान ८ चा फोटो मला टाक. तिथे हमीभावाचा मुद्दा निघालाच, तर ‘कारण केवळ कारखाना नसावा’पासून पुढचं बदलावं लागेल. मग लेखकाच्याच कबुलीला ओलाव्याचा आणि वाळवणीचा तपशील जोडून पत्र करू.

तुझा,
श्रीधर