‘पाच अधिक एक, सहा’ म्हणजे काय

ती. आई-बाबांस सा. न.

बेकरीच्या दारातल्या फोटोखाली मी ‘पाच अधिक एक, सहा’ असं लिहिलं, त्यावर बाबांचा फोन आला, पण तेव्हा हात कणकेत होते. म्हणून आता सविस्तर लिहिते.

बावीस वर्षं बँकेत हिशेब जुळवले आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी पहाटे चारला शिकाऊ म्हणून उभी राहिले. पोटात गोळा होता. उस्ताद माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, तरी मला ‘मॅडम’ म्हणतात. त्यानं जास्तच अवघडायला होतं.

पहिलंच काम आकडेमोडीचं निघालं, तेव्हा जरा धीर आला. पावाची कणीक मळून झाल्यावर 26 अंशांच्या आसपास हवी, नाहीतर ती भसाभस फुगते आणि पाव आंबूस होतो. मैदा आणि खोली आपल्या हातात नसते, पाणी असतं. म्हणून 26 ला तिनानं गुणायचं, 78. त्यातून मैद्याचे 30, खोलीचे 30 आणि मिक्सरच्या घुसळण्यानं येणारे 11 वजा करायचे. उरले 7. पाणी सात अंशांचं हवं, आणि नळाचं तर पंचवीसचं! मग बर्फ.

दहा किलो मैद्याला सहा किलो पाणी. मी सहा किलो पाणी मोजून ओतलं आणि वर एक किलो बर्फ टाकला. बर्फ म्हणजे पाणीच, तो सहा किलोतच धरायचा होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाच किलो पाणी आणि एक किलो बर्फ, एवढंच. जन्मभर दुसऱ्यांच्या दुबार नोंदी शोधल्या आणि स्वतः तीच केली.

दहा मिनिटं झाली तरी कणीक भांड्याच्या कडा सोडेना. बोट लावलं की चिकटून लोंबायची. उस्तादांनी भांड्यात डोकावून एवढंच विचारलं, “बर्फ वजा केला?” माझे कान तापले. (आई, तू पोळ्यांच्या कणकेत पाणी जास्त झालं की मूठभर पीठ टाकायचीस, ते आठवलं.) इथे मूठ चालत नाही. सात किलो पाण्याला 11 किलो 670 ग्रॅम मैदा लागतो, म्हणजे आणखी 1 किलो 670. त्याच्या दोन टक्के मीठ, 33 ग्रॅम. ईस्टही त्याच हिशेबानं. हे वाढीव आकडे मीच काढले, आणि उस्तादांनी न तपासता वजनकाटा माझ्याकडे सरकवला.

लाद्या फुगल्या की बोटानं हलकेच दाबून बघायचं. खळगा झटकन भरला तर अजून वेळ आहे, हळूहळू वर आला तर भट्टीत, आणि तसाच राहिला तर उशीर झाला. माझ्या बोटाला अजून झटकन आणि हळूहळू यातला फरक नीट कळत नाही. दिवसभर येताजाता दाबत होते, शेवटी उस्ताद म्हणाले, “मॅडम, पाव विकायचेत.”

त्या लादीतले सहा पाव शनिवारी घेऊन येते. बाबा, चहात बुडवायच्या आधी एक नुसता खाऊन बघा, मीठ बरोबर पडलंय का ते सांगा.

तुमची,
माई